सातवी 'ब'चा खो-खो: प्रकल्प नोंदी

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

पट ३८. तास ३५ मिनिटांचा, पण वर्गातून मैदानावर आणून रांगा लावेपर्यंत सहा मिनिटं जातात. आमचा सगळा भाग उसाचा. कारखान्याची धुराडी पेटली की ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि पटावर चार-पाच नवी मुलं चढतात. एकाच वर्गात त्यामुळे क्लबमध्ये रोज संध्याकाळी सराव करणारा मुलगा असतो आणि रात्रीनंतर पोटात काहीच न गेलेली मुलगीही असते. दोघांना मी एकच शिट्टी वाजवून एकाच खेळात उतरवते. आजवर तसंच चालत आलंय.

प्रकल्पासाठी खो-खो निवडला. कारण सोपं आहे, मी स्वतः जिल्ह्यापर्यंत खेळले आहे. शिवाय जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, भारताच्या मुलांनी आणि मुलींनी दोन्ही जिंकले, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तेव्हापासून वर्गात खो-खो म्हटलं की नाकं मुरडली जात नाहीत.

मुलांची नावं इथे लिहीत नाही, हजेरीचे क्रमांक लिहिते. ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं ते असे. नऊ नंबरला दमा आहे. सतरा अंगाने भारी आहे आणि त्याला उकिडवं बसलं की गुडघा दुखतो. तेवीसचा उजवा पाय लहानपणापासून कमजोर. पायाला पट्टी आणि खास बूट असतो, चालतो भरभर पण पळता येत नाही. एकतीस बीडकडून टोळीबरोबर आलेली, अनवाणी, वर्गातली सगळ्यात चपळ. आणि चार नंबर, क्लबचा खेळाडू.

आतापर्यंत खेळाच्या तासाला तेवीस नंबर गुण लिहायचा आणि नऊ नंबर चपला सांभाळायची. सतरा खेळायचा, म्हणजे पाटीवर बसायचा. यापैकी कोणी तक्रार केली नाही, म्हणून मीही कधी विचारलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज फक्त मोजणी. नियम नेहमीचेच ठेवले.

एकाच मोठ्या मैदानावर खेळवलं तर नऊ पाठलागाला आणि तिघं पळायला असे बारा खेळतात आणि सव्वीस जण धूळ खात बघत बसतात. म्हणून फक्कीने तीन छोटी मैदानं आखली, प्रत्येकी १५ बाय ८ मीटर. मधल्या पाटीवर सहा जण बसलेले आणि एक उठलेला असे सात पाठलागाला, तिघं पळायला, उरलेले दोघं-तिघं नोंद ठेवायला. तीन मिनिटांचा डाव, मग अदलाबदल. बाद झालेल्याने बाहेर बसायचं नाही, बाजूची रेघ शिवून दहा आकडे मोजायचे आणि पुन्हा आत यायचं. हा एक बदल मी पहिल्या दिवसापासूनच केला, कारण नेहमीच्या नियमात सगळ्यात कमी पळणारं मूल सगळ्यात आधी बाद होतं आणि ज्याला पळण्याची गरज जास्त, तेच बसून राहतं.

नोंद कशाची ठेवायची यावर थोडा वाद झाला. मुलांना कोण किती बाद करतो ते लिहायचं होतं. मी सांगितलं, कोणाला किती वेळा खो मिळाला तेवढंच लिहा, प्रत्येक खोला एक काडी.

दुसऱ्या मैदानावरच्या सात जणांची नोंद तेवीसने ठेवली. तीन मिनिटांत २६ खो. चारला ८, एकतीसला ७, वीसला ५, पस्तीसला ३, अठ्ठावीसला २, नऊला १, सतराला ०. म्हणजे २६ पैकी २० खो तिघांत वाटले गेले. सतरा तीन मिनिटं जागेवर बसून होता. दुरून बघणाऱ्याला तो खेळतोय असंच वाटलं असतं.

कागद घेऊन मी पुढचा डाव नीट पाहिला. पळणाऱ्या मुली पुन्हा पुन्हा सतराच्या आसपासच घुटमळत होत्या. त्यांना कळलं होतं की या चौकटीतून कोणी उठणार नाही. मी खेळायचे तेव्हा आम्हीही हेच करायचो, समोरच्या संघातली 'मेलेली चौकट' हेरायची आणि तिच्या आडोशाने पळायचं. सतराला खो न देऊन त्याचाच संघ पाटीवर एक भोक पाडत होता. मुलांना हे दिसत नव्हतं. ती म्हणत होती, सतरामुळे आपण हरतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

खेळ नाही. पूर्ण तास सुरक्षिततेच्या तयारीत गेला.

खडे वेचणी: सगळा वर्ग हातभर अंतराने एका रांगेत उभा केला आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मान खाली घालून चालवला, मग आडवा. एक घमेलं खडे, बाभळीचे काटे, बाटलीच्या दोन काचा आणि व्हॉलीबॉलच्या जुन्या खांबाचा जमिनीतून बोटभर वर आलेला लोखंडी तुकडा. तुकडा निघत नाही. तिसरं मैदान चार पावलं सरकवलं आणि त्या जागेवर माती भरलेलं पोतं ठेवून भोवती फक्कीचं गोल रिंगण केलं.

खांब: छोट्या मैदानांना लाकडी खांब नाहीत. बुधवारी मी टोकाला सायकलचे जुने टायर आडवे टाकले होते. एकाचा पाय टायरवर पडला, टायर मुरमावर सरकला आणि तो कुल्ल्यावर आपटला. लागलं नाही, पण टायर बाद. आता टोकाला दीड मीटरचं फक्कीचं वर्तुळ, वळणाऱ्याने बाहेरून वळायचं.

मैदानांतलं अंतर: बुधवारी मध्ये दीड मीटर ठेवलं होतं. शेजारच्या मैदानांवरचे दोन पळणारे मागे बघत पळताना एकमेकांवर आदळता आदळता राहिले. आता चार मीटर. तीन मैदानांची रुंदी २४ आणि मधली दोन अंतरं ८, असे एकूण ३२ मीटर लागतात, आणि तेवढी जागा आहे.

बूट: वर्गात चौदा जणांकडे बूट नाहीत. सगळे अनवाणी किंवा सगळे बुटात, यातलं काहीही चालतं, धोका आहे तो सरमिसळीचा. पाटीवर बसलेला उठायच्या तयारीत बोटं जमिनीला टेकवतो आणि त्या बोटांवर बुटाची टाच पडते. माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट अजून वाकडं आहे ते याचमुळे. म्हणून खडे वेचल्यावर सगळ्यांनी अनवाणी. तेवीसचा बूट काढता येत नाही, त्याचं वेगळं बघायचं आहे.

खो कसा द्यायचा: उघड्या पंज्याने, खांद्याच्या मागच्या हाडावर. ढकलायचं नाही, कमरेत मारायचं नाही. आधी स्पर्श, मग शब्द. जोडीजोडीने दहा-दहा वेळा करून घेतलं. ज्याला उकिडवं बसायला त्रास होतो त्याने गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभं राहायचं. हे मी सतराकडे न बघता सगळ्या वर्गाला सांगितलं. सहा जणांनी उभं राहणं निवडलं, त्यात एक क्लबचा मुलगाही होता.

इनहेलर: नऊच्या आईने शाळेत एक दिलेला आहे आणि तो कार्यालयाच्या कपाटात आहे असं मला माहीत होतं. प्रत्यक्ष मागितला तेव्हा कपाटाला कुलूप आणि किल्ली घेऊन शिपाई मामा बँकेत गेलेले. पाऊण तासाने आले. आजपासून इनहेलर, तोंडाला लावायची नळी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स माझ्या कमरेच्या पिशवीत. किल्लीची दुसरी प्रत करून द्या असा अर्जही दिला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

नवा नियम लावला: सातही जणांना किमान एकदा खो मिळाल्याशिवाय त्या डावातले गुण धरायचे नाहीत. कागदावर हा नियम निर्दोष वाटला होता.

मैदानावर असं झालं. पहिली सव्वादोन मिनिटं चार, एकतीस आणि वीस यांनीच खेळून काढली. मग कोणीतरी ओरडलं, "अरे सतराचा राहिला, उरकून टाक!" पळणारी दुसऱ्या टोकाला असताना त्याला खो दिला गेला. तो उठला, चार पावलं गेला, पुढच्याला खो देऊन बसला. संघाने टाळ्या वाजवल्या. त्याचे कान लाल झाले होते.

नऊचंही तेच झालं.

एकेक काडी पडली आणि नियम पाळला गेला. पण बुधवारचं शून्य निदान कोणाच्या लक्षात तरी येत नव्हतं. आज सगळ्या मैदानाला कळलं की हे दोघं म्हणजे भरायचा कर आहे. सक्तीने खो दिला तर तो असाच दिला जाणार, खेळाच्या दृष्टीने त्याचा काही उपयोग नसताना. हा नियम आजच रद्द.

आणखी एक. एकतीसला डाव संपल्यावर घेरी आली. सावलीत आडवी केली, पाय उंच ठेवले, पाणी दिलं. रात्री आठला भाकरी खाल्ली होती, त्यानंतर काही नाही. आमचा तास सकाळचा पहिला आणि पोषण आहार मधल्या सुट्टीत. गणिताच्या मॅडमना भेटले. त्या म्हणाल्या, "अगं घे की माझा पाचवा, मला पहिला मिळाला तर बरंच, तेव्हा पोरं जागी असतात." पाचवा तास जेवणानंतर तासाभराने येतो. उन्हं नोव्हेंबरात सोसण्यासारखी असतात. मुख्याध्यापकांनी सही केली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पाऊस नाही, पण मैदानावर दुसऱ्या शाळेचा कार्यक्रम. वर्गातच फळ्यावर पाटी आखली आणि मुलांना एकच प्रश्न विचारला: पाठलाग करणाऱ्याला काय करता येत नाही?

उत्तरं येत गेली. मधली पाटी ओलांडता येत नाही. एकदा दिशा धरली की टोक येईपर्यंत मागे फिरता येत नाही. मग पळणारा काय करतो? पाटीतून पलीकडे निसटतो किंवा थांबून मागे वळतो. अशा वेळी संघाला दिशा बदलायची असेल तर कोण बदलणार? बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तेवीस म्हणाला, "बसलेला. त्याला उठून कुठंही जाता येतं."

खो-खोचं सगळं मर्म इतकंच आहे. वेग उठलेल्याकडे असतो, वळण बसलेल्याकडे. बसलेला उठून दोन पावलं टाकून लगेच पुढचा खो देऊ शकतो. त्या दोन पावलांना वेग लागत नाही, पण पळणाऱ्याला तेवढ्यात निर्णय बदलावा लागतो. मी खेळायचे त्या संघात पाटीच्या मध्यावर बसणारी मुलगी आमच्यात सगळ्यात हळू होती. तिने स्वतः क्वचितच कोणाला बाद केलं असेल, पण तिच्यावरून खो गेला की समोरच्यांची तारांबळ उडायची. हे तेव्हा मला दिसलं नव्हतं, आज फळ्यासमोर उभी असताना आठवलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

गुणांचा हिशेबच बदलला. पूर्वी एक बाद म्हणजे एक गुण. आता आधीच्या बादनंतर जितकी वेगवेगळी मुलं उठली असतील, तितके गुण. दोघांनीच पळून बाद केलं तर २, सहा जणांवरून खो फिरवून केलं तर ६. कोणालाही खो देण्याची सक्ती नाही.

डावाआधी पाऊण मिनिट बैठक: कोणी कुठे बसायचं ते मुलांनीच ठरवायचं.

पहिल्या मैदानाने जुन्याच सवयीने खेळून चार जण बाद केले. गुण २, ३, २, २, एकूण ९. तिसऱ्या मैदानाने दोघांनाच बाद केलं. गुण ६ आणि ५, एकूण ११. आकडे मी फळ्यावर लिहिले तेव्हा पहिल्या मैदानावरची पोरं भांडायलाच उठली. चार बाद करून हरलो कसे? मी काही समजावलं नाही. दुसऱ्या डावात त्यांची बैठक पाऊण मिनिटात संपेना.

दुसऱ्या मैदानावर चारने सतराला पाटीच्या टोकावरून उचलून मध्यावर, तिसऱ्या चौकटीत बसवलं. का, म्हणून मी विचारलं. "मॅडम, हा टोकाला असला तर याला लांब पळावं लागतं. मध्ये असला तर दोन पावलं टाकून खो देईल, दोन्हीकडं." चारला हे सांगावं लागलं नाही.

मग घडलं ते असं. पळणारी पस्तीस नंबरला हुलकावणी देऊन नेहमीप्रमाणे सतराच्या आडोशाला आली, जराशी थांबली, केस मागे केले. पस्तीसने सतराला खो दिला. तो उठला, पळालाच नाही, डावीकडे एक पाऊल टाकून शेजारच्या एकतीसला खो देऊन तिच्या जागी बसला. एकतीसचं तोंड पलीकडच्या बाजूला होतं आणि पळणारी नेमकी तिथेच निसटली होती. खांद्यावर थाप. बाद. पळणारी दोन क्षण तिथेच उभी राहिली आणि मग सतराकडे वळून म्हणाली, "तू कधीपासून उठायला लागलास?"

१ डिसेंबर, सोमवार

आजची चूक माझी आहे.

शेजारच्या शेतात ऊस तुटून गेला होता आणि दुपारी पाचट पेटवलं. धूर आमच्या बाजूला येत होता, मला दिसतही होता. तरी मैदान शिंपून घेतलंय, धूळ नाही, म्हणून तास सुरू केला. अंगात ऊब आणायलाही नेहमीची आठ मिनिटं न देता चारच दिली, मुलं घाई करत होती.

दुसऱ्या डावात नऊ खोकायला लागली. आम्ही ठरवलेली चाचणी अशी आहे: डावानंतर प्रत्येकाने शेजाऱ्याला एका दमात आपलं नाव, गाव आणि आज जेवणात काय होतं ते सांगायचं. धापा टाकत का होईना वाक्य पूर्ण झालं तर ठीक. तिचं गावापाशीच तुटलं आणि छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता.

खेळ थांबवला. तिला धुरापासून लांब, इमारतीच्या पलीकडे नेलं. आडवी केली नाही, ताठ बसवून किंचित पुढे झुकायला लावलं. दम्यात आडवं केलं तर श्वास आणखी कोंडतो, घेरीच्या उलट हे, आणि मागच्या सोमवारची कृती मुलांच्या डोक्यात असल्यामुळे दोघी तिला झोपवायलाच निघाल्या होत्या. चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे नळी लावून इनहेलर दिला, वेळ लिहून ठेवली. सात-आठ मिनिटांत आवाज गेला, बोलता येऊ लागलं. नसतं आलं तर गाडी कोण काढणार हे मामांशी आधी ठरलेलं होतं. आईला फोन केला. त्या म्हणाल्या, डॉक्टरांनी खेळाच्या आधी पंधरा मिनिटं इनहेलर घ्यायला सांगितलंय, पण तास बदलल्यापासून तिच्या लक्षात राहत नाही. तास मी बदलला आणि हे विचारायला विसरले.

आजपासून: मैदानावर पाऊल ठेवण्याआधी धूर, धूळ, ऊन बघायचं. धूर असेल तर पळणं नाही, वर्गात बैठे डाव. मधली सुट्टी संपल्यानंतर चौथ्या तासाच्या अखेरीला नऊला आठवण करायची जबाबदारी गणिताच्या मॅडमनी घेतली.

३ डिसेंबर, बुधवार

आज जागतिक दिव्यांग दिन. परिपाठात भाषण झालं. तेवीसला व्यासपीठावर बोलावून गुलाबाचं फूल दिलं. तो फूल घेऊन मैदानावर आला आणि म्हणाला, "मॅडम, मी काड्या मोजून कंटाळलोय. मला पण घाम आला पाहिजे."

दोन गोष्टी केल्या.

पहिली, अंगात ऊब आणण्यासाठी 'चालता खो-खो'. सहा मिनिटं, सगळ्यांनी फक्त चालायचं. एक टाच टेकल्याशिवाय दुसरा पाय उचलायचा नाही, पळालं की बाद. पळणाऱ्यांनीही चालायचं. नऊसाठी हळूहळू दम वाढवण्याची हीच रीत योग्य आहे, आणि तेवीस यात पाटीवर बसू शकतो. म्हणजे वाकून उभा राहू शकतो. सगळे अनवाणी असताना त्याच्या बुटाचं काय, तर त्याच्या शेजारच्या दोघांनी उभं राहायचं, बोटं खाली टेकवायची नाहीत. चालत्या खेळात त्याने वीस नंबरला गाठलं. वीसला वाटलं होतं हा हळू आहे. भरभर चालण्याची सवय वर्गात खरं तर त्यालाच सगळ्यात जास्त.

दुसरी, पळत्या खेळात टोकाच्या वर्तुळात 'खांब'. २०२२ पासूनच्या व्यावसायिक लीगमध्ये वजीर असतो, त्याला दोन्ही दिशांना पळायची मुभा. त्यावरून सुचलं. आमचा खांब पळत नाही, वर्तुळातच असतो. पाठलाग करणारा टोकाला आला की खांबाच्या पंज्यावर टाळी देतो आणि खांब कोणत्याही बसलेल्याचा नंबर पुकारतो. तो नंबर उठतो, टाळी देणारा त्याच्या जागी जाऊन बसतो. वर्तुळात दुसऱ्या कोणी शिरायचं नाही. गुण मोजताना खांबही एक धरायचा. तिन्ही मैदानांवर खांब, आणि इतर दोन ठिकाणी दर डावाला वेगळा.

तेवीसने पहिल्यांदा पुकारलं, "एकतीस!" ती वर्गात सगळ्यात चपळ म्हणून. पण तिचं तोंड होतं डावीकडे आणि पळणारी उजवीकडे. ती उठली, पाटी ओलांडता येईना, पळणारी हसली. संघातल्या एकाने कपाळाला हात लावला. तेवीस काही बोलला नाही. दुसऱ्या वेळी तो थांबला, बघितलं आणि पुकारलं, "अठ्ठावीस!" अठ्ठावीस हळू आहे, पण पळणारी तिच्यासमोर तीन पावलांवर होती.

८ डिसेंबर, सोमवार

चार आणि क्लबची आणखी दोन मुलं भेटायला आली. म्हणणं असं की हा खरा खो-खो नाही, यात सूर मारता येत नाही, बाद कमी होतात, आमची सवय मोडेल. त्यांचं चुकत नाही. तीन मिनिटांत पूर्वी पाच बाद व्हायचे, आता तीन होतात. या नियमांनी तालुक्याला संघ उतरवता येणार नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर नेहमीच्या नियमाने, मोठ्या मैदानावर, खांब ठोकून सराव घ्यायचं ठरलं. ज्याला यायचं त्याने यावं. तासाला मात्र हेच.

हात वर करून अदलाबदलीचा नियम आजपासून लेखी. डावाच्या मध्ये कोणीही हात वर करून नोंद ठेवणाऱ्याशी जागा बदलू शकतो, कारण सांगायचं नाही आणि विचारायचंही नाही. पोटात दुखत असलेल्या मुलींना याचा सगळ्यात जास्त उपयोग, त्या आजवर खोटं डोकं दुखवायच्या. आज एकूण सात वेळा हात वर झाले, त्यात नऊचा एकदा आणि चारचा दोनदा. चारचा वर झाला हे बरं झालं, त्यामुळे हा नियम ठरावीक मुलांसाठी आहे असं कोणाला वाटत नाही.

१० डिसेंबर, बुधवार

तेच सात जण, तोच तीन मिनिटांचा डाव, नोंद या वेळी दुसऱ्याकडे. एकूण २४ खो. चारला ५, एकतीसला ४, वीसला ४, पस्तीसला ३, अठ्ठावीसला ३, सतराला ३, नऊला २. वरच्या तिघांत २४ पैकी १३. यातले पाच खो तेवीसने पुकारलेले.

हे एका डावाचे आकडे आहेत, त्यावर फार इमले बांधत नाही. नऊचे अजून दोनच आहेत. ती स्वतः टोकाजवळ बसते, कोणी मध्ये बसवलं तर सरकते. विचारलं तर म्हणते, तिथून इमारत जवळ आहे. त्या सोमवारचा धूर तिच्या डोक्यातून गेलेला नाही. तिची जागा बदलायला लावणार नाही, तिच्या शेजारच्या चौकटीत जवळचा खो देणारं मूल बसतंय का ते बघेन.

सतराने आज स्वतः एकाला बाद केलं. पळणारा त्याच्यावरच आदळला, असं चारचं म्हणणं. काडी मात्र पडली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

एकतीस गैरहजर. टोळी पलीकडच्या गावच्या फडावर गेली, तिथून शाळा अकरा किलोमीटर. तिकडच्या शाळेतल्या सरांना फोन करून तिची माहिती दिली: चपळ आहे, सकाळच्या तासाला पळवू नका, आधी काही खायला द्या.

दुसऱ्या मैदानावर सहाच जण उरले. एक चौकट कमी करून अंतर वाढवावं असं चारचं मत, नोंद ठेवणाऱ्यांपैकी एकाला बसवावं असं वीसचं. बैठकीची पाऊण मिनिटं यातच गेली. शेवटी वीसचं ऐकलं.

सोमवारसाठी: फक्की संपत आली, दोन पिशव्या मागवणे. तिसऱ्या मैदानाजवळचं पोतं फाटलंय. कपाटाच्या किल्लीची दुसरी प्रत अजून झालेली नाही, पुन्हा अर्ज.